ऊ मेली, लीख उरली

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर फोर्तालेझा नावाचं मोठं शहर आहे. तिथल्या एका गरीब वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात मुलांच्या डोक्यात उवा असायच्या. संशोधकांनी या वस्तीतली ५ ते १५ वर्षांची १४५ मुलं निवडली आणि त्यांना नऊ दिवस शहराबाहेर, सुट्टीत राहायच्या एका ठिकाणी नेऊन ठेवलं. वस्तीत राहिली असती तर शेजारच्या मुलांच्या डोक्यातून उवा पुन्हा चढल्या असत्या आणि औषधाने काय केलं ते कळलंच नसतं. निम्म्या मुलांच्या डोक्याला डायमेटिकोन लावलं, निम्म्यांच्या डोक्याला एक टक्का परमेथ्रिन. सात दिवसांनी दोन्ही गटांना आपापलं औषध पुन्हा लावलं. या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या दिवशी डायमेटिकोनच्या गटातल्या शंभरातल्या जवळपास ९५ मुलांच्या डोक्यात एकही जिवंत ऊ सापडली नाही. परमेथ्रिनच्या गटात हे प्रमाण ६७ होतं. सातव्या दिवशी, दुसऱ्यांदा औषध लावायच्या आधी, पुन्हा डोकी तपासली, तेव्हा डायमेटिकोनचा आकडा ९५ वरून ६४ वर घसरलेला होता. मुलं वस्तीपासून लांब होती, तरीही दर तिघांपैकी एकाच्या डोक्यात उवा पुन्हा फिरत होत्या. मग दुसऱ्यांदा औषध लावलं आणि नवव्या दिवशी डायमेटिकोनचा आकडा ९७ वर गेला. परमेथ्रिन ६८ वरच राहिलं.

या चाचणीतून दोन औषधांमधला फरक कळतोच. पण घरोघरच्या आयांना, आज्यांना आणि शिक्षकांना जास्त उपयोगी पडावा असा आकडा मधला आहे, सातव्या दिवसाचा. उत्तम औषध नीट लावूनही आठवड्याभरात डोक्यात उवा दिसू शकतात. बहुतेक घरांत नेमक्या याच टप्प्यावर 'औषधाचा काही उपयोग झाला नाही' असं म्हणून बाटली बाजूला ठेवली जाते. उवा परत येण्याचं सर्वांत साधं कारण हे अर्ध्यावर सोडणंच आहे.

सातव्या दिवशीच्या त्या उवा आल्या कुठून? लिखांमधून. ऊ मादी आपलं अंडं टाळूच्या अगदी जवळ, केसाच्या मुळापासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत चिकटवते. तिथली ऊब अंड्याला लागते. चिकटवायचा तो डिंक इतका पक्का असतो की साध्या कंगव्याने किंवा धुण्याने लीख सुटत नाही. आत वाढणाऱ्या पिलाची मज्जासंस्था सुरुवातीचे काही दिवस तयारच झालेली नसते, त्यामुळे मज्जातंतूंवर काम करणाऱ्या औषधाला तिथे धरायला काही नसतं. अंड्याचं कवचही औषध आत जाऊ देत नाही. बहुतेक लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात. बाहेर येणारं पिल्लू जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. ते तीनदा कात टाकतं आणि साधारण नऊ ते बारा दिवसांत पूर्ण वाढून तिळाएवढं होतं. त्यानंतर मादी अंडी घालू लागते, दिवसाला सहा ते आठपर्यंत, आणि डोक्यावर महिनाभर जगते.

दुसऱ्या वेळेचं गणित यातूनच निघतं. पहिल्यांदा औषध लावलं तेव्हा उवा मेल्या, लिखा उरल्या. या लिखा एकेक करून फुटत जातील. दुसऱ्यांदा औषध फार लवकर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी लावलं, तर न फुटलेल्या लिखा पुन्हा वाचतात. फार उशिरा, म्हणजे पंधरवड्याने लावलं, तर सर्वांत आधी फुटलेली पिल्लं तोवर मोठी होऊन नवी अंडी घालून बसलेली असतात. म्हणून बहुतेक लिखा फुटल्या आहेत पण एकही पिल्लू अजून वयात आलेलं नाही, अशी मधली थोडी जागा पकडायची असते. ती सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान येते. डायमेटिकोनच्या बहुतेक लोशनांवर सात दिवसांनी पुन्हा लावा असं लिहिलेलं असतं. परमेथ्रिनसाठी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ नववा दिवस सर्वांत योग्य मानतात.

आता औषधांकडे वळू. परमेथ्रिनचं मूळ शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात आहे. त्या फुलातल्या कीटकनाशक द्रव्याची उन्हात टिकणारी कृत्रिम आवृत्ती इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली तयार केली. डासांच्या कॉइलमधलं आणि औषध लावलेल्या मच्छरदाण्यांमधलं द्रव्य याच घराण्यातलं असतं. परमेथ्रिन उवेच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, त्यामुळे तंतू सतत चेतत राहतात आणि ऊ लुळी पडून मरते. माणसाच्या कातडीतून ते फारच थोडं आत जातं आणि शरीर त्याचा लवकर निचरा करतं. म्हणूनच दोन महिन्यांवरच्या बाळालाही ते चालतं. शेवंतीच्या जातीच्या फुलांची ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

परमेथ्रिन लावताना पहिली चूक दुकानातच होते. उवांसाठी लागतं ते एक टक्क्याचं लोशन. पाच टक्क्यांचं क्रीम खरजेसाठी असतं आणि ते रात्रभर अंगाला लावायचं असतं. दोन्हींचं नाव एकच, त्यामुळे घरात पूर्वी खरजेसाठी आणलेली ट्यूब डोक्याला चोपडली जाते. बाटलीवरचा टक्का वाचून घ्यावा.

दुसरी चूक केस धुताना होते. परमेथ्रिन लावायच्या आधी केस साध्या शाम्पूने धुवायचे, पण कंडिशनर लावायचं नाही. कंडिशनरचा थर केसावर राहतो आणि औषध केसाला धरत नाही. खोबरेल तेलाचंही तसंच. दोन वेण्या घट्ट बांधून शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलींच्या केसांत तेल मुरलेलं असतं, तेव्हा ते आधी पूर्ण निघालं पाहिजे. धुतल्यावर टॉवेलने केस टिपून दमट ठेवायचे. पाणी निथळत असेल तर औषध पातळ होऊन वाहून जातं. मग टाळूपासून टोकापर्यंत, विशेषतः कानांमागे आणि मानेवर, केस पूर्ण भिजतील असं लोशन लावायचं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. त्यानंतर पाण्याने धुवायचं. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू लावायचा नाही, कारण केसावर उरलेला थोडा अंश नव्याने फुटणाऱ्या पिलांवर काम करत असतो. ज्या कुटुंबात दुसऱ्याच दिवशी सकाळी न्हाऊ घालून मुलीला शाळेत पाठवतात, तिथे हा फायदा वाया जातो.

हे सगळं अचूक केलं तरी आता परमेथ्रिनवर पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही. तीन-चार दशकांच्या वापरात ज्या उवांच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं थोडी वेगळी होती, त्या जगल्या आणि वाढल्या. अमेरिकेत ४८ राज्यांमधून गोळा केलेल्या उवांची जनुकं तपासली, तेव्हा सरासरी ९८ टक्के उवांमध्ये असा बदल सापडला. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जनुक बदललं म्हणजे प्रत्येक ऊ वाचतेच असं नाही, पण कल स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत परमेथ्रिन दोनदा लावूनही ४७ पैकी फक्त ७ जण उवामुक्त झाले. डायमेटिकोनचं जेल एकदाच, पंधरा मिनिटं लावलेल्या ४३ पैकी ३० जण बरे झाले. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्य सेवा आज उवांसाठी परमेथ्रिनची शिफारस करत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात हेच चित्र असेल असं यावरून म्हणता येत नाही. नीट लावूनही काम होत नसेल, तर मात्र तेच औषध तिसऱ्या-चौथ्यांदा लावत बसण्यात अर्थ नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

डायमेटिकोनचं काम अगदी वेगळ्या वाटेने होतं. ते सिलिकोनचं तेलकट द्रव्य आहे. पोटातल्या गॅसवर दिल्या जाणाऱ्या औषधांतही त्याच जातीचं सिलिकोन असतं. कंडिशनरच्या बाटलीवरही हे नाव दिसतं, पण तिथे ते फारच कमी आणि वेगळ्या मिश्रणात असतं. त्यामुळे कंडिशनर लावून उवा मरत नाहीत. उवांच्या चार टक्क्यांच्या लोशनात डायमेटिकोन एका उडून जाणाऱ्या पातळ सिलिकोनमध्ये विरघळवलेलं असतं. पातळ भाग पसरत जातो, उडून जातो आणि मागे उवेच्या अंगावर पातळ थर राहतो. उवेच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना श्वासाची बारीक छिद्रं असतात. ऊ रक्त पिते तेव्हा त्यातलं जास्तीचं पाणी या छिद्रांवाटे वाफेच्या रूपात बाहेर टाकते. थराने ही वाट बंद झाली की पाणी आतच साठतं आणि तिचं आतडं फुटतं. काही जास्त टक्केवारीच्या मिश्रणांमध्ये द्रव श्वासनलिकांच्या आतच शिरतो आणि ऊ गुदमरते. मज्जातंतूंशी या सगळ्याचा काही संबंध नसल्यामुळे परमेथ्रिनला दाद न देणारी ऊसुद्धा यात मरते.

म्हणूनच लावायची पद्धतही उलटी आहे. डायमेटिकोन कोरड्या केसांना लावायचं. ओल्या केसांत पाणी मध्ये येतं आणि थर नीट बसत नाही. एक दिवस आधी केस धुऊन पूर्ण वाळवावेत, तेल लावू नये. मग केसांचे भाग पाडून टाळूपासून लोशन चोळत जायचं. कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीला एक लहान बाटली पुरेलच असं नाही. काटकसर करून मुळापाशीच लावलं तर टोकाकडच्या उवा वाचतात, कारण हे द्रव्य जिथे पोचेल तिथेच काम करतं. किती वेळ ठेवायचं हे मात्र मिश्रणावर अवलंबून असतं. चार टक्क्यांचं मूळ लोशन आठ तास किंवा रात्रभर ठेवायचं असतं, काही जेल पंधरा मिनिटांत काम करतात. शेजारच्या घरी पंधरा मिनिटं ठेवलं म्हणून आपली बाटलीही तेवढ्यात धुऊन टाकली, तर ऊ नुसती गुंगते आणि तासाभराने पुन्हा चालू लागते. आपल्या बाटलीवर लिहिलेली वेळच पाळायची.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. डायमेटिकोन कातडीत शोषलं जात नाही, पोटातून विषबाधा करत नाही, पण डोक्याला लावलेलं लोशन पेटू शकतं. सिगारेट किंवा मेणबत्ती जवळ आल्याने केस पेटून गंभीर भाजल्याच्या घटनांनंतर ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१८ साली पालकांना इशारा दिला. आपल्या घरात गॅसची शेगडी, चूल, देवाजवळची समई आणि डासांची कॉइल असते. औषध डोक्यावर असेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी धुऊन होईपर्यंत मुलीला स्वयंपाकघरात कामाला लावू नये, दिव्याजवळ बसवू नये आणि केस वाळवायचं यंत्र वापरू नये.

प्रत्यक्षात हे सगळं कसं घडतं ते पाहू. तिसरीतली एक मुलगी धरा, खांद्याखाली केस, रात्री आजीच्या कुशीत झोपणारी. शुक्रवारी तिचे केस धुतले आणि वाळवले. शनिवारी रात्री उजेडात बसवून फणीने विंचरताना जिवंत उवा दिसल्या. त्याच वेळी घरातल्या सगळ्यांची डोकी फणीने पाहिली, तेव्हा आजीच्या डोक्यातही दोन सापडल्या. आई-बाबांच्या डोक्यात काही नाही. दोघींनाही त्याच रात्री चार टक्क्यांचं डायमेटिकोन लावलं, उशीवर जुना टॉवेल अंथरला, रविवारी सकाळी शाम्पूने धुतलं आणि ओल्या केसांतून फणी फिरवली. मेलेल्या उवा फणीत आल्या.

बुधवारी मुलगी पुन्हा खाजवू लागली. खाज उवेच्या लाळेच्या ॲलर्जीने येते आणि उवा गेल्यावरही काही दिवस टिकते, त्यामुळे नुसती खाज अपयशाची खूण नाही. पण फणी फिरवल्यावर तीन बारीक, फिकट उवा दिसल्या, तिळापेक्षा खूप लहान. ही लिखांमधून निघालेली पिल्लं होती. ती फणीने काढून टाकली, औषध लावलं नाही. पुढच्या शनिवारी, सातव्या दिवशी, दोघींना पुन्हा तेच लोशन, पुन्हा रात्रभर. त्यानंतर मंगळवारी तपासलं तेव्हा काही नाही, आणि पुढच्या शनिवारीही काही नाही. आता उवा गेल्या असं म्हणता येतं. हीच मुलगी परमेथ्रिनवर असती, तर पहिल्या शनिवारपासून नऊ दिवस मोजून दुसरा हप्ता सोमवारी आला असता.

काही घरांत मात्र सगळं नीट होत नाही, आणि अशा वेळी सापडलेल्या उवांचा आकार बरंच सांगून जातो. औषधानंतर आठ-बारा तासांनी काही उवा हळूहळू रेंगाळत असतील, तर त्या मरणाच्या वाटेवर असतात. फणीने काढाव्यात आणि थांबावं. पण एकही मेलेली सापडत नसेल आणि लहान-मोठ्या सगळ्या उवा आधीसारख्याच चपळ असतील, तर औषधाने काम केलेलं नाही. एक तर ते कमी पडलं, वेळेआधी धुतलं गेलं किंवा उवा त्याला दाद देत नाहीत. परमेथ्रिनच्या बाबतीत असं झालं तर डायमेटिकोनकडे वळावं किंवा डॉक्टरांना विचारावं. दुसऱ्या हप्त्यानंतर डोकं साफ सापडलं आणि दहा-पंधरा दिवसांनी एक-दोन पूर्ण वाढलेल्या उवा दिसल्या, तर त्या कुठून तरी नव्याने आलेल्या आहेत. तेव्हा औषधाला दोष न देता मैत्रिणीच्या घरी कळवावं. दुसऱ्या हप्त्यानंतर फक्त बारीक पिल्लंच दिसत असतील, तर उशिरा फुटलेल्या लिखा राहिल्या आहेत. अशा वेळी पहिल्या दिवसापासून सुमारे दोन आठवड्यांनी तिसऱ्यांदा लावायला डॉक्टर सांगतात.

लिखा मात्र उपचारानंतरही केसांना चिकटून राहतात आणि तिथेच गोंधळ होतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. टाळूपासून सेंटिमीटरभर लांब दिसणारी लीख बहुधा रिकामं कवच असते. ती पाहून पुन्हा औषध लावण्यात फायदा नाही. अमेरिकेत अटलांटाच्या शाळांमधल्या एका अभ्यासात ज्या मुलांच्या डोक्यात फक्त लिखा होत्या आणि ऊ नव्हती, त्यातल्या ५० जणांवर दोन आठवडे लक्ष ठेवलं. त्यातल्या ९ जणांच्याच डोक्यात पुढे उवा झाल्या. औषध सुरू करायला जिवंत, हलणारी ऊ दिसायला हवी.

घरभर फवारणी करायची गरज नसते. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती डोक्याला डोकं लागलं की केसावरून केसावर चालत जाते. डोक्याबाहेर रक्त न मिळाल्याने ती एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्याने धुतले, कंगवे आणि फण्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्या, एवढं पुरतं. रॉकेल किंवा शेतातली कीटकनाशक पावडर मात्र डोक्याला कधीही लावू नये. रॉकेलने मुलं भाजतात आणि ते छातीत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. कीटकनाशक कातडीतून शरीरात जातं. टाळूवर पू झाला असेल, मानेमागे गाठी आल्या असतील किंवा मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, तर आधी डॉक्टरकडे जावं.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांमध्ये एकेका मुलीवर उपचार करून भागत नाही. एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपणाऱ्या सगळ्या मुलींची डोकी एकाच दिवशी तपासून, ज्यांच्या डोक्यात उवा सापडतील त्या सगळ्यांना त्याच दिवशी औषध लावायला हवं आणि दुसरा हप्ताही एकाच दिवशी. एकीचा सातवा दिवस आणि दुसरीचा पहिला दिवस असं चालू राहिलं, तर उवा खोलीतून जात नाहीत.

राहता राहिला शाळेचा प्रश्न. मुलीच्या डोक्यात लीख दिसली म्हणून तिला घरी पाठवणारे वर्ग आजही आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, केस पूर्ण लिखामुक्त होईपर्यंत शाळेत घ्यायचं नाही हा नियम सोडून द्यावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. ऊ सापडते तोवर ती डोक्यात बहुधा महिनाभर राहिलेली असते, त्यामुळे त्या एका दिवशी घरी पाठवून संसर्ग काही थांबत नाही. शिक्षकांनी त्या दिवशी मुलीला वर्गात बसू द्यावं, तिचं नाव न घेता वर्गातल्या सगळ्या पालकांना चिठ्ठी पाठवावी, आणि त्या चिठ्ठीत औषधाच्या नावाबरोबर दुसरा हप्ता कोणत्या तारखेला लावायचा तेही लिहावं.